अर्ध्या आवर्तनाचं अंतर

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते. आमचे विभागप्रमुख फळ्यावर दोन साइन लाटा फार सुरेख काढत. दुसरी लाट अर्ध्या आवर्तनानं पुढं सरकवायची, म्हणजे पहिलीच्या उंचवट्यासमोर दुसरीचा खळगा येतो, बेरीज शून्य. एवढं लिहून ते हात झटकत. ही बेरीज स्वतःच्या कानानं ऐकावी असं त्यांना वीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

एका वर्षी भवानी पेठेतल्या एका पोरीनं वर्गात विचारलं, "सर, मग आमच्या घरात चार माग एकदम चालतात, तितं कधीच शांतता का होत नाही?"

"परीक्षेत येत नाही. बसा खाली," सर म्हणाले.

तास संपल्यावर ती माझ्याकडं आली. मी सांगितलं, मागाचा खडखडाट म्हणजे एक लाट नव्हे, शेकडो लाटांचा गुंता. त्यातली प्रत्येक लाट अर्ध्या आवर्तनानं सरकवायची तर प्रत्येकीला वेगळं अंतर लागेल. एकच सूर असेल तर मात्र जमतं. ती म्हणाली, "दाखवा की."

कॉलेजच्या गच्चीवर भिंती नाहीत, म्हणजे आवाज उलटून येणार नाही. म्हणून आमच्या शिपायानं आणि मी तिथं ऑसिलेटर, म्हणजे हवा तो एकच सूर काढणारं यंत्र, नेला. शिपाई गिरणीत उमर घालवलेला, वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस. एकाच ऑसिलेटरला दोन सारखे स्पीकर जोडले आणि सेकंदाला पाचशे आवर्तनांचा सूर लावला. अशी एक लाट हवेत सुमारे एकोणसत्तर सेंटिमीटर लांब असते, म्हणून एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा साडेचौतीस सेंटिमीटर मागं ठेवला. ती पोरगी, शिपाई आणि मी बरेच लांब, दोन्ही स्पीकरांच्या समोर उभे राहिलो. एकच स्पीकर चालू असताना सूर कानात घुसत होता. दुसरा चालू केला आणि आवाज एकदम बसला. अगदी शून्य नाही, पण एका स्पीकरच्या मानानं काहीच नाही.

शिपाई कडेला सरकून म्हणाला, "बाई, हितं तर लई वाजतंय की!"

बरोबरच होतं. कडेला दोन्ही स्पीकर जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात, उंचवट्यावर उंचवटा पडतो. आवाज कुठं नाहीसा होत नाही, एकीकडं कमी होतो तसा दुसरीकडं वाढतो. हे त्या न शिकलेल्या माणसानं कानानं शोधलं. सर खाली स्टाफरूममध्ये चहा पीत होते.

पुढं विद्यापीठाची समिती येणार असं ठरलं, तेव्हा मात्र त्यांना आमचा "पोरखेळ" आठवला. तो आता त्यांचा प्रयोग झाला. त्या सकाळी ते गच्चीवर आले, ऑसिलेटरचा काटा बघितला आणि म्हणाले, "पाचशे फार घोगरं वाटतं. हजार लावू. पाहुण्यांवर छाप पडली पाहिजे."

"सर, हजाराला लाट निम्मी होते. मागचा स्पीकर तिथंच ठेवला तर अर्धं नाही, पूर्ण आवर्तन सरकेल. आवाज वाढेल."

"बाई, मला फिजिक्स शिकवू नका."

मला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

समितीचे तिघं समोर उभे राहिले. सरांनी भाषण केलं, एक स्पीकर वाजवला, मग हात उंचावून म्हणाले, "आता शांतता!" आणि दुसरा चालू केला. सूर असा फुगला की समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कानावर हात ठेवला.

सर शिपायावर ओरडले, "वायरी उलट्या जोडल्यास तू!"

शिपाई खाली मान घालून म्हणाला, "न्हाय साहेब, बाईंनी सांगितल्या तशाच जोडल्या."

तेव्हा मी पुढं झाले. "उलट्या जोडल्या असत्या तर आवाज गेला असता," मी म्हणाले आणि मागच्या स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आता पुढचा हवा ढकलायचा तेव्हा मागचा ओढायचा. आधीच पूर्ण आवर्तन सरकलेल्या लाटेत अर्ध्याची भर पडली आणि सूर खाली बसला.

ते म्हातारे गृहस्थ सरांकडं वळले. "वायरी उलटल्यानं का गेला, सांगा पाहू?"

सर म्हणाले, "ते... सिलॅबसबाहेरचं आहे."

गृहस्थ हसलेही नाहीत. त्यांनी फक्त वही मिटली.

दुसऱ्या दिवशी शिपायाला मेमो मिळाला: निष्काळजीपणे जोडणी केल्याबद्दल. त्याचं उत्तर मी लिहिलं, आकृतीसकट, दोन्ही लाटा काढून, खाली माझी सही करून. सरांनी ते वाचलं की नाही माहीत नाही. वाचलं असतं तरी कळलं असतं याची खात्री नव्हती. मेमो मागं घेतला गेला. माझी नेमणूक मात्र वर्षावर्षाची होती, पुढच्या जूनमध्ये मला कामावर घेतलं नाही. मी जेऊरच्या शाळेत शिकवायला गेले.

सर निवृत्त झाले तेव्हा समारंभाचं आमंत्रण आलं होतं. कुणीतरी निरोपही धाडला, दोन शब्द बोला म्हणून. मी गेले नाही. त्या दिवशी नववीला दोलक शिकवायचा होता.