पोर्ट अडलाय

उरणकडच्या माणसाला पोर्ट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. 'पोर्टला गेलेत', 'पोर्टवरनं आले', 'आज पोर्ट जाम हाय' हे ऐकतच मी मोठी झाले. आजोबांचं मिठागर गेलं, बाबांच्या हातात ट्रेलरचं स्टिअरिंग आलं, आणि आमच्या घरातला सगळा दिवस बंदराच्या गेटवर ठरायला लागला. गेट चालू असेल तर बाबा जेवायला घरी, नाहीतर डबा तसाच परत.

मग मी कॉम्प्युटर शिकले आणि तिथे दुसराच पोर्ट भेटला. हा म्हणजे मशीनमधला एक नंबर, एखाद्या खिडकीसारखा. एक प्रोग्राम त्या खिडकीवर बसतो आणि आलेल्यागेलेल्याला उत्तर देतो. एका खिडकीवर एकच. दुसरा बसायला गेला की मशीन तोंडावर सांगतं, जागा आधीच घेतलेली आहे. हा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात इतका भिनला की पहिला पार पुसला गेला. उरणची पोर ना मी! लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

बंदरापासून थोड्या अंतरावरच्या एका खासगी कंटेनर यार्डात मी नोकरीला लागले. गेटवर ट्रकवाल्यांना स्लिप छापून देणारी सिस्टिम माझ्याकडे. बाबा तेव्हा एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे होते. शेठच्या गाड्या आमच्या यार्डातही येत, थेट बंदरातही जात. बाबांचे गुडघे गेलेले. क्लच दाबताना तोंड वाकडं व्हायचं. शेठ त्यांना पोर्टच्या जवळच्या फेऱ्या देत होता ते एवढ्याच भरवशावर, की बाबांची गाडी कधी उशिरा पोचली नाही. "एक बोट चुकली की तुला गुजरात लाइनला टाकीन," असं तो हसत हसत म्हणायचा. गुजरात लाइन म्हणजे चार-चार दिवस घराबाहेर, गाडीतच झोपणं. हसत म्हणायचा, पण बाबा हसायचे नाहीत.

आता खरी लाजेची गोष्ट. यार्डाच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं की ते माझे वडील. आडनावाने कळायचं कारण नव्हतं, आमच्या आडनावाचं अर्धं गाव आहे. पहिल्याच महिन्यात बाबांचा फोन आला होता, "बाय, जेवलीस का गो?" आणि त्यांचा आवाज म्हणजे भोंगा. शेजारच्या टेबलावरची हसली. ती कशाला हसली देव जाणे, पण मी घरी येऊन बाबांना सांगितलं, ऑफिसात फोन करू नका, तिथे चालत नाही. बाबा म्हणाले, "बरा." त्यानंतर एकदाही केला नाही. मी मात्र घरी वर मान करून सांगायची, माझ्याशिवाय यार्डाचं गेट हलत नाही!

तर त्या दिवशी सकाळी गेट खरंच हललं नाही. स्लिपचं पान उघडेना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला गेले तर तो सुरूच होईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मशीनचं एकच उत्तर, पत्ता आधीच वापरात आहे. म्हणजे आमचा जो ठरलेला पोर्ट, त्यावर आणखी कुणीतरी बसलेलं. बाहेर ट्रकांचे हॉर्न, गेटवरची पोरं खिडकीतून डोकावतायत, मॅनेजर साहेब मागे येऊन उभे. मी चिडले. कुणीतरी माझ्या मशीनला हात लावलाय, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आणि त्याच तिरमिरीत व्हॉट्सॲपवर गेटच्या ग्रुपवर लिहिलं : 'पोर्ट ब्लॉक आहे. कुणीतरी धरून ठेवलाय. मोकळा झाला की कळवते.'

त्या ग्रुपवर गेटची माणसं होती, तसे शेठलोक आणि ड्रायव्हरही होते. बाबाही होते.

मग जरा डोकं थंड करून बघितलं, पोर्ट कुणी धरलाय ते. मशीनला विचारलं की ते प्रोग्रामचा नंबर सांगतं आणि तो कुणी चालू केला त्याचं नावही सांगतं. नाव माझं होतं! आदल्या संध्याकाळी एक बदल तपासायला मी मशीनच्या ठरलेल्या वाटेने न जाता स्वतःच्या लॉगिनमधून हातानेच सर्व्हर चालू केला होता आणि तसाच ठेवून घरी गेले होते. रात्रीत कधीतरी तो क्रॅश झाला. पण असा सर्व्हर एकटा नसतो, मुख्य प्रोग्राम हाताखाली दुसरे प्रोग्राम जन्माला घालतो. मुख्य मेला. त्याचं एक पोर मागे राहिलं, आणि पोर्ट त्याच्या हातात. स्वतः अडकून पडलेलं, कुणाला उत्तर देत नाही आणि जागाही सोडत नाही. नीट सांगून बघितलं, ऐकेना. शेवटी जबरदस्तीने मारलं. पोर्ट मोकळा झाला, सर्व्हर एका झटक्यात उभा राहिला, गेटवर स्लिपा निघायला लागल्या.

हात लावणारी मीच. कुणाला सांगितलं नाही. ग्रुपवर दोन शब्द टाकले, 'सिस्टिम चालू', आणि चहाला गेले. पाऊण तासाचा सगळा खेळ. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

बाबांच्या गाडीवर त्या दिवशी कारखान्यातून भरून निघालेला कंटेनर होता. थेट बंदरात जायचा, आमच्या यार्डाशी त्याचा काही संबंध नव्हता. चार वाजता त्या बोटीसाठी गेट बंद होणार होतं. बाबांनी वाटेत मेसेज वाचला आणि फाट्यावर गाडी बाजूला लावली. पोर्ट ब्लॉक म्हणजे पुढे जाऊन लायनीत डिझेल कशाला जाळा? आणखी दोघेजण थांबले. त्यातल्या एकाने थोड्या वेळाने पुढे फोन लावला, गेट तर मोकळं आहे म्हणे. दोघे निघाले. बाबांना म्हणाले, चल. बाबा म्हणाले, "माझे पोरीने लिवलाय. मोकला झाला की कलवते बोललीय. ती लिवल तवाच मी गाडी हलवीन." त्या दोघांनी हे मला नंतर सांगितलं.

मी 'सिस्टिम चालू' लिहिलं होतं. 'पोर्ट मोकळा झाला' असं लिहिलंच नव्हतं. सिस्टिमशी बाबांना काय करायचंय? ते पोर्टची वाट बघत बसले. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण फोन करू नका असं मीच सांगितलेलं. माणसाने शब्द पाळावा तो किती!

चार वाजून गेले, बोट चुकली. पाचच्या सुमारास शेठ आमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये ओरडत शिरला. मागून बाबा, हातात टोपी. मला आत बोलावलं. शेठने मोबाईल टेबलावर आपटला, "पोर्ट ब्लॉक म्हणून कोणी लिहिलं? पोर्ट तर सकाळपासून चालू होता!" मॅनेजर साहेब माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "साहेब, मॅडमनी बरोबर लिवला होता. ते कॉम्प्युटरचा काय ते. मीच येडा, मना कलला न्हाय."

मॅडम म्हणाले ते मला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले. आणि मी? मी उभी राहिले. जीभ टाळूला चिकटली म्हणतात, तसलं काही झालं नव्हतं, बोलता येत होतं. बोलले नाही एवढंच. मॅनेजर साहेब म्हणाले, "ठीक आहे, यापुढे नीट लिहा," आणि मी "हो सर" म्हणून बाहेर आले.

रात्री बाबांना जेवताना सांगितलं सगळं. कुणी पोर्ट धरला होता, तेही. बाबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बाप मेल्याचा त्या पोराला कोनी सांगितला न्हवता व्हय?" आणि भाताला कोलंबीचं कालवण वाढून घेतलं. शेठने गुजरात लाइन दिली का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मी दुपारी यार्डातून निघून सरळ शेठच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मी त्यांची मुलगी. चूक माझी आहे, बाबांना पोर्टच्या फेऱ्यांवरच ठेवा. शेठने खुर्ची दाखवली. चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो. मी सगळं सांगितलं, पोर्ट म्हणजे बंदर नव्हे, मशीनमधला नंबर, आणि माझाच मेलेला प्रोग्राम तो धरून बसला होता.

शेठ हसला. "मेलेला कधी जागा धरून बसतो काय? बापासाठी काय पण सांगशील!" मग म्हणाला, "सकाळीच येऊन सांगून गेला तुझा बाप. म्हणाला, पोरगी येईल, माझी चूक अंगावर घेईल. नोकरीवाली पोर हाय, तिचा ऐकू नका."

मी पुन्हा समजवायला लागले. जितकं खरं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. शेवटी त्याने हात वर केला. गुजरात लाइनची, वापीची गाडी बाबा सकाळीच घेऊन गेले होते.

यार्डात परतले. टेबलाशी बसून बाबांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. मागून हायवेचा आवाज.

"ऑफिसातना फोन करतेस?" बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ठेव गो बाय, ठेव. कोनी तरी ऐकल."