सावलीत सरकवलेलं यंत्र

लिंबाद्रीला आमच्या साइटवर कुणी लिंबाद्री म्हणत नसे. पाणीमास्तर म्हणत. दोह्याबाहेरच्या त्या साइटवर सहा बिल्डिंगा उठत होत्या, आणि त्याचं काम एवढंच, की उन्हात एका तिवईवर यंत्र ठेवायचं, तासातासाला आकडा बघायचा आणि खांबावर झेंडा बदलायचा. हिरवा म्हणजे काम चालू. पिवळा म्हणजे दर तासाला थंड केबिनमध्ये जाऊन बसायचं. लाल म्हणजे हत्यार खाली, सगळे आत. शिवाय दिवसभर पाण्याचे ग्लास घेऊन तो आमच्या मागे लागायचा. काही बोलायला गेलं की ग्लास पुढे करून म्हणायचा, "पी. मग बोल."

आधी तो आमच्यातलाच होता, सळई बांधणारा. बारा-बारा मजल्यांवर सळईला तार पिळत वर्षं काढली. संडास खाली. उतरून परत चढायचं म्हणजे अर्धा तास गेला आणि वर फोरमनच्या शिव्या, म्हणून आम्ही वर चढलो की पाणीच पीत नसू. या शहाणपणाचा आम्हाला अभिमानही होता. मग वर्षाच्या तपासणीत डॉक्टरने लिंबाद्रीच्या किडन्या निम्म्या गेल्याचं सांगितलं. कंपनीने त्याला घरी न पाठवता झेंडा दिला. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. त्याने मात्र ते काम नोकरीसारखं नाही, सूड घेतल्यासारखं केलं. संडासाच्या दारात उभा राहून विचारायचा, "रंग काय आला रे? पिवळाधमक? चल, दोन ग्लास."

"अन्ना, तुझ्या घरी जेवायला काय घालतात ते नाही विचारत," पोशेट्टी ओरडायचा, "आमचं मूत विचारतोस!"

हा पोशेट्टी त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. थट्टेने कधी अन्ना म्हणायचा, एरवी बावा, म्हणजे दाजी. आम्ही तिघेही मेटपल्लीकडचे, एकाच खोलीत राहणारे. पोशेट्टीला लिंबाद्रीनेच आणला होता. राजव्वाने, म्हणजे लिंबाद्रीच्या बायकोने, विमानतळावर नवऱ्याला एकच सांगितलं होतं, माझा भाऊ तुझ्या हवाली करते. तेव्हापासून सगळ्यांत जास्त पाणी पोशेट्टीलाच प्यावं लागे.

उन्हाळ्याचे साडेतीन महिने तिथे सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद, कायद्यानेच. तेव्हा आम्ही पहाटे चारला सुरू करून दहाला सुटत असू. पंधरा सप्टेंबरला ती मुदत संपते. मुदत संपते, ऊन नाही. समुद्रावरून दमट हवा येते, घाम वाळत नाही आणि अंगातली गरमी बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणून दुसरा एक नियम आहे, तो तारीख बघत नाही. यंत्राचा आकडा बत्तीसच्या वर किंचितही गेला की काम थांबलंच पाहिजे, मग महिना कुठलाही असो. हा आकडा म्हणजे नुसतं हवेचं तापमान नव्हे. ऊन, वारा, दमटपणा सगळं मिळून यंत्र तो काढतं. लाल झेंड्याच्या वेळेचा पगार कापत नसत, हे खरं. पण काम लांबतं, आणि लांबलेल्या कामाचा राग इंजिनिअरवर निघत नाही, झेंडेवाल्यावर निघतो.

त्या सप्टेंबरात तेच झालं. मुदत संपल्या संपल्या इंजिनिअरने चौथ्या बिल्डिंगच्या स्लॅबचं काँक्रीट लावलं. आदल्या आठवड्यात लिंबाद्रीने एकदा आकडा यायच्या आधीच, अंगाला जाणवलं म्हणून, लाल चढवला होता. इंजिनिअरने सगळ्यांसमोर त्याला झापला. "तुला पगार आकडा बघायचा मिळतो, अंदाज करायचा नाही. पुन्हा आकड्याशिवाय लाल दिसला तर झेंड्यासकट घरी जाशील."

पोशेट्टीला तर त्या स्लॅबची आमच्यापेक्षा जास्त घाई. बतुकम्माचा, आमच्याकडचा फुलांचा सण तोंडावर आला होता. भावाने बहिणीच्या सासरी जाऊन तिला माहेरी आणायचं, ही आमच्याकडची रीत. त्याची रजा मंजूर होती, पण फोरमनची अट होती: स्लॅब पडल्यावर जा. सकाळी बसमध्ये तो मला म्हणाला, "आज लाल लागला ना, तर बावाला खांबाला बांधून ठेवतो बघ."

आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो.

पहाटेपासून पंप चालू होता. मी नळी धरलेली, पोशेट्टी काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर घेऊन त्यातच गुडघाभर. नऊनंतर झेंडा पिवळा झाला. नियमाने दर तासाला आत बसायला हवं होतं. पण काँक्रीट मध्येच थांबलं तर स्लॅबला सांधा पडतो, म्हणून फोरमनने दोघादोघांना पाच-पाच मिनिटं सोडलं. पोशेट्टी तेवढ्यापुरताही गेला नाही. मला म्हणाला, माझी पाळी तू घे. पाण्याचा ग्लास घ्यायचा, दोन घोट प्यायचा आणि उरलेलं डोक्यावर.

लिंबाद्री खाली पाण्याचे कॅन भरायला गेला होता. परत वर आला तर तिवई जागेवर नाही. कोपऱ्यात सिमेंटवर ताडपत्री ताणली होती, तिच्याखाली, सावलीत, यंत्र ऐटीत उभं. आकडा तिसाच्या थोडा वर. सावलीत दुसरं काय होणार?

"हे कुणी केलं?" तो ओरडला.

"मी केलं, बावा," पोशेट्टी दात काढून म्हणाला. "तुझं यंत्र भाजत होतं बिचारं. म्हटलं, आमच्या नशिबी नाही, त्याला तरी सावली मिळू दे."

सगळी गँग खदखदून हसली. लिंबाद्री हसला नाही. त्याने तिवई उचलून उन्हात ठेवली. त्या यंत्राला वर एक काळा गोळा असतो. तो ऊन पिऊन तापायला वेळ घेतो; वीस-पंचवीस मिनिटं तरी खरा आकडा देत नाही. लिंबाद्रीला हे माहीत होतं. लाल झेंडा त्याच्या काखेत होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा खाली इंजिनिअरच्या केबिनकडे, आणि यंत्रासमोर उकिडवा बसला. आकडा हळूहळू चढत होता. तो वाट बघत राहिला.

तेवढ्यात पोशेट्टीने मला विचारलं, "बस आली का?"

"कुठली बस रे?"

"राजव्वा थांबली असेल. फुलं आणली का तू?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग मी त्याचं तोंड पाहिलं. डोळे भलतीकडेच लागलेले. व्हायब्रेटर हातातून सुटला आणि तो त्या ओल्या काँक्रीटमध्ये बसला, घरी ओट्यावर बसावं तसा.

लिंबाद्री धावला. जातानाच लाल झेंडा खांबावर फेकल्यासारखा चढवला. आकडा तोवर बत्तीसच्या वर गेलाच होता. आम्ही पोशेट्टीला ओढून ताडपत्रीखाली आणलं, कपडे फाडले, भरून आणलेले सगळे कॅन त्याच्या अंगावर ओतले, बर्फ काखेत धरला. अंग तव्यासारखं. लिंबाद्री त्याच्या गालावर चापट्या मारत होता. "पी रे. पोशेट्टी, पी ना." शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं, हे आम्हाला त्यानेच शिकवलेलं. तो ग्लास हातात धरून नुसता म्हणत राहिला. अँब्युलन्स आली. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला की पोशेट्टी गेला, उष्माघाताने.

दुसऱ्या दिवशी कँपचा म्हातारा मॅनेजर, वर्गीस, जेवणाच्या हॉलमध्ये आमच्याजवळ बसला. भला माणूस. म्हणाला, "यंत्राची गोष्ट माझ्या कानावर आली आहे. वर जाऊ देऊ नका. मेलेल्यानेच सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असं निघालं, तर भरपाई नाही. तसं कलम आहे. कंपनी तेच शोधते आहे."

पोशेट्टीच्या मागे बायको आणि दोन मुली.

चौकशीला कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला. सोबत हिंदी बोलणारा दुभाषा, शेजारी कंपनीचा वकील. वकिलाने आवाज गोड करून विचारलं, "यंत्र काही वेळ सावलीत होतं, असं ऐकतो. कुणी ठेवलं?"

आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

"मी," लिंबाद्री म्हणाला.

"का?"

"ऊन लागत होतं मला. सावलीत बसून आकडा बघायला बरं पडतं."

वकिलाने मान हलवली. इन्स्पेक्टरने वर पाहिलं. "तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं. चूक माझी आहे."

रात्री खोलीत मी त्याच्यावर भडकलो. राजव्वाला काय तोंड दाखवणार आहेस? तो म्हणाला, "खोटं कुठे बोललो? झेंडा माझ्या काखेत होता. मी गोळा तापायची वाट बघत बसलो. कुणाला सांगायचं नाही. राजव्वाला तर नाहीच. पोटात राहायचं नाही तिच्या, भावजयीला सांगेल, भावजय गावाला सांगेल, आणि पोरींच्या तोंडचं काढून घेतील." माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याने मला शपथ घातली.

भरपाई मिळाली. कंपनीला दंड झाला. लिंबाद्रीला काढून टाकलं, आणि नव्या झेंडेवाल्याला इंजिनिअर पुन्हा तेच सांगू लागला.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. राजव्वा दारातच म्हणाली, "तुला उन्हाचे चटके बसत होते, म्हणून माझ्या भावाला उन्हात मारलंस?" त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. त्याला सोडलंही नाही. किडन्या पुऱ्या गेल्या, तेव्हा आठवड्यातून तीनदा तीच त्याला जगित्यालच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायला नेई. बसमध्ये दंड धरून चढवी, धरून उतरवी. तोंडातून अक्षर नाही.

अशा पेशंटला पाणी मोजून द्यायचं असतं. जास्त झालं की छातीत साठतं. आयुष्यभर लोकांच्या मागे ग्लास घेऊन फिरलेला माणूस दिवसाला दोन पेले पाण्यावर आला. राजव्वा पेला भरायची, त्याच्यासमोर ठेवायची आणि पाठ फिरवायची. तो घोट घोट पुरवायचा. मी रजेवर गेलो की म्हणायचा, "आता रंग विचारू नकोस हं मला," आणि एकटाच हसायचा. सात वर्षं हे चाललं. यंदा मी रजेवर असतानाच तो गेला.

आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या दिवशी कावळ्याला घास ठेवायला आम्ही ओढ्याकाठी गेलो. ज्याच्या डोक्याची शपथ होती तोच उरला नव्हता. मी वाटेत राजव्वाला सगळं सांगितलं. ताडपत्री, काळा गोळा, पोशेट्टीचे दात, वकिलाचा प्रश्न.

ती मधेच थांबली. मला वाटलं, रडेल. पण तिने माझी गचांडी धरली. "आता सांगतोस? सात वर्षं मी त्याला पेला मोजून दिला रे. डॉक्टर म्हणायचे तेवढाच द्या. पण समोर ठेवून एक शब्द... कुत्र्याला ठेवतात तसा ठेवला मी!"

तिने मला सोडलं.

जिथे त्याला जाळला होता तिथे पानावर भात ठेवला, मटण ठेवलं. कावळे झाडावर आले होते. सगळे मागे सरले, ती सरेना. घागर घेऊन ओढ्यात उतरली, काठोकाठ भरून आणली आणि त्या राखेवर ओतली. पुन्हा गेली, पुन्हा ओतली. बायका तिला आवरायला पुढे झाल्या, तिने त्यांना झिडकारलं.

तिसरी घागर कलती करताना ती खाली वाकली आणि म्हणाली, "पी."