बघत घाबरणाऱ्या काकू

पाळणाघराच्या काकू फार भित्र्या होत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बिल्डिंगमधले सगळे त्यांना धीराच्या समजायचे. एखादं पोर धपकन पडलं की बाकीच्या बायका किंचाळायच्या आणि काकू मात्र शांतपणे उठून त्याच्याकडे जायच्या. पण मी वर्षभर सकाळी त्यांच्याकडे मदतीला होते, दुपारी ठाण्याला कॉलेज करायचे, म्हणून मला माहीत आहे. काकूंचे हात अशा वेळी गार पडायचे. पोराला उचलण्याआधी त्या हात पदरावर खसखसा चोळून गरम करून घ्यायच्या. "गार हात लागला की पोराला कळतं, हिची फाटलीय," असं एकदा त्या मला हळूच म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे सकाळी सातपासून आठ-नऊ मुलं असायची. पाण्याचा टँकर आला की आम्ही आधी मुलांच्या नावाचे हंडे भरायचो, मग बाकीचं. काकू मूळच्या कोकणातल्या. पाळणाघराच्या आधी वीस वर्षं त्या ठाण्याच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात आया होत्या. कोणी "तुम्हाला डॉक्टरकीतलं बरंच कळतं" म्हणालं तर त्या लगेच तोडायच्या, "मी लादी पुसत होते तिथे. पण पुसताना डोळे उघडे होते."

माझी ताई आमच्याच घरी राहायची, आणि तिची मुलगी ओवी दिवसभर काकूंकडेच असायची. ओवी तेव्हा दोन वर्षांची. ताई ठाण्याला एका ऑफिसात कामाला, आणि ताईचा जीव सदा ओवीत. ओवीला शिंक आली तरी ताई रजा टाकायची. दर पाच मिनिटांनी काखेत थर्मामीटर. झोपलेल्या पोरीच्या नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे का बघायची. ऑफिसातून पाळणाघरात दिवसाला दहा-दहा फोन. त्या फोनांनी ओवी उठून रडायची, आणि रडणं ऐकून ताई आणखी घाबरायची.

काकूंनी तिला कधी "एवढं काय घाबरायचं" असं म्हटलं नाही. त्यांनी तिला समोर बसवलं. म्हणाल्या, "घाबरायचं तर घाबर, बाई. पण बघत घाबर. आकड्याला ताप नाही आलेला, पोरीला आलाय. पोरगी काय करते ते बघ. पाणी पिते का? लंगोट ओला होतो का? ताप जरा उतरल्यावर खेळायला उठते का, की तेव्हाही मान टाकून पडते? मान टाकली, पाणी पोटात ठरेना, सहा-आठ तास शू नाही, धाप लागली, झटका आला, तर थर्मामीटर काय म्हणतो ते न बघता डॉक्टरकडे पळ. तसं काही नाही, पण तिसऱ्या दिवशीही ताप आहे, तरीही जा. बाकी वेळी तिला झोपू दे."

"आणि फोन?" ताईने विचारलं.

"अकराला एक, तीनला एक. खाल्लं काय, प्यायली काय, सगळं सांगेन. मधे मी केला तर मात्र पहिल्या रिंगला उचल."

पहिल्या दिवशी ताईने अकराच्या आधी चार वेळा केला. काकूंनी उचललाच नाही. चौथ्या दिवसापासून दोनच फोन येऊ लागले. ताई म्हणायची, "पावणेअकरापासून घड्याळच बघत बसते, पण साडेअकरानंतर जरा काम होतं."

खोकल्याचंही तसंच. खोकल्याचा आवाज काकू ऐकायच्या नाहीत असं नाही, पण त्या पोराचा शर्ट वर करून छाती बघायच्या. पोर शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायच्या. वर्षावरच्या मुलाचे मिनिटाला चाळीस किंवा वर गेले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, तर आईला लगेच बोलवायच्या. नाहीतर कोमट पाणी, वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, आणि वाट बघणं. मला त्यांनी हे मोजायला शिकवलं तेव्हा मी तीन वेळा चुकले. "कॉलेजात मोजणी शिकवत नाहीत वाटतं," म्हणाल्या. मी खूप लाजले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं कोणी म्हटलं की मला ते फार लागायचं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून संकोच वाटतो.

त्या दिवशी ओवीला पहाटेपासून ताप होता. ताईला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. तिने सहा वाजता तापाचं औषध पाजलं आणि निघाली. आमच्या आईला वाटलं, पोरगी अजून तापलेलीच आहे, घाईत ताई विसरली असेल. तिने आठला परत पाजलं आणि मोठी बाटली संपली. मग आई नळावर गेली. नऊच्या सुमाराला मी पाळणाघरातून वर आले आणि ओवीला खाली न्यायला उचललं तर अंग चटका बसावा इतकं गरम. मला धडकीच भरली. फ्रिजच्या दारात ओवी तान्ही असतानाची छोटी बाटली होती, नाव तेच. मी त्या मोठ्या बाटलीच्या चमच्याने पाच एमएल भरून पाजलं. तिघींनीही मायेपोटीच दिलं. कोणी कोणाला विचारलं नाही.

पाळणाघरात ताप असलेलं मूल ठेवायचं नाही असा काकूंचा नियम होता, पण ओवी बिल्डिंगमधलीच, म्हणून त्यांनी तिला बाजूला निजवलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो त्या सगळ्यांना विचारायच्या. "शेवटचं औषध किती वाजता? कोणी? किती?"

"आत्ता नऊला. मी. एक चमचा."

"त्याआधी?"

"माहीत नाही. ताईने दिलं असेल."

काकूंनी ताईला फोन केला, मग मला आईकडे नळावर पळवलं. परत आले तेव्हा त्या हात पदराला पुसत होत्या. "सहा, आठ, नऊ. तीन तासांत तीन वेळा. चार-सहा तासांचं अंतर लागतं गं. मोठ्या बाटलीतलं ना तिन्ही?"

तेव्हा मला आठवलं की मोठी बाटली तर संपली होती. आणि मी गप्प बसले. खरं सांगते, चार-पाच श्वास मी गप्प होते. मनात आलं की सांगितलं तर ताई मला आयुष्यभर माफ करणार नाही. औषध तर तेच आहे, थोडंसंच दिलंय, काही होणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते.

काकू माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बोल. काय लपवलंस ते मला नको सांगूस, डॉक्टरांना सांग. त्यांना बरोबर आकडा लागतो. चुकीचा आकडा दिलास तर ते चुकीचं करतील."

मी रडत रडत वरून छोटी बाटली आणली. ती बघितल्यावर काकूंचा चेहरा उतरला. "हे थेंबांचं आहे. ड्रॉपरने देतात. मोठ्या बाटलीपेक्षा कितीतरी घट्ट असतं. तू चमचा दिलास?"

त्यांनी ओवीच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी वजन विचारलं, वेळा विचारल्या, दोन्ही बाटल्यांवरचे आकडे वाचायला सांगितले. घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी, ती अक्षरं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. मग ते म्हणाले, "उलटी करवू नका, आता तापाचं काहीही देऊ नका. बाटल्यांसकट कल्याणला हॉस्पिटलमध्ये घेऊन जा, मी कळवतो."

काकूंनी मुलं शेजारच्या वहिनींवर सोपवली आणि रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. ओवी माझ्या मांडीवर होती. मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते. कल्याणच्या डॉक्टरांनी हिशोब केला. म्हणाले, दिवसभराची मर्यादा ओलांडली आहे, विषबाधेइतकं बहुधा नाही, पण ताप आहे, पोटात अन्न नाही, त्यामुळे यकृताला त्रास होऊ शकतो. औषध देऊन चार तास झाले की रक्त तपासू, तोवर इथेच राहा. त्या तासांबद्दल मला लिहिता येत नाही. ताई आली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंनी ओवीला घोट घोट पाणी पाजलं आणि प्रत्येक घोट मोजला.

संध्याकाळी रिपोर्ट ठीक आला. ताई भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "काकू, उद्यापासून मी नोकरी सोडते. हिच्या हातात पोरगी देणार नाही."

"हिच्याच हातात दे," काकू म्हणाल्या. "चूक तुम्ही तिघींनी केलीत. सांगितली हिने. न सांगणारीच्या हातात पोर देऊ नये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या घरात एक पद्धत लावून दिली. औषध एका दिवशी एकीनेच द्यायचं, दिलं की वेळ आणि माप भिंतीवर लिहायचं, दुसरीवर वेळ आलीच तर तिने आधी भिंत बघायची. आईला अक्षर येत नाही, म्हणून ती रेघ ओढायची. जुन्या बाटल्या त्याच दिवशी टाकल्या. ताईने महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, पण ओवीला माझ्याकडेच ठेवलं.

पुढच्या वर्षी काकूंच्या मुलाने टिटवाळ्याला घर घेतलं आणि पाळणाघर बंद झालं. निघायच्या दिवशी सकाळी अकराला सामान टेम्पोत चढत होतं; ताई ऑफिसात होती, बाकी सगळे तिथेच होते. ओवी पायऱ्यांवर उड्या मारता मारता डोक्यावर पडली. ठण्ण असा आवाज आला. मी काकूंकडे बघितलं. त्या टेम्पोच्या सीटवर बसल्या होत्या, उतरल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्याच धावतील. मग मीच गेले. ती लगेच रडली, हे चांगलं. नाका-कानातून काही नाही. हातपाय सारखे हलतात. मला ओळखते, "टेम्पो" म्हणते. टेंगूळ आलं, त्यावर गार फडकं धरलं. सारख्या उलट्या झाल्या, किंवा उठवून उठली नाही, तर थेट कल्याणला, असं मी ताईला फोनवर सांगितलं. ताईने एकदाच विचारलं, "तू आहेस ना तिथे?" आणि फोन ठेवला. टेम्पो निघाला तेव्हा काकूंनी नुसता हात केला. मला थोडं वाईटच वाटलं.

चार वाजता त्यांचा फोन आला.

"उलटी?"

"नाही काकू."

"झोपली का?"

"झोपली. तासाने उठवून बघितली."

"मग?"

"उठली. चिडली. मला चापट मारली."

मग काकू कोणाला तरी म्हणाल्या, "वाढ गं सूनबाई, आता जेवते."