गोळी हळूहळू सोडण्याचं पत्रक

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील सभेची पत्रकं वाटायचे, मी ती रस्त्याने मोठ्याने वाचत जायचे. अमरावतीच्या एका मानसोपचार दवाखान्यात मला झोपेच्या गोळ्यांवर पत्रक लिहायचं काम मिळालं, तेव्हा तेही मी सभेसारखंच लिहिलं. वर ठळक मथळा : 'हे विष आहे. नाकारा!'

कारण माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. अकोल्यातल्या आमच्या डॉक्टरने आईला झोपेसाठी कित्येक वर्षं अल्प्राझोलमची गोळी दिली आणि एक दिवस सांगितलं, "सवय लागली तुम्हाला. उद्यापासून बंद." आईने ऐकलं. हात थरथरायला लागले, घाम, झोप उडालेली. मग भातकुलीला मावशीच्या ओट्यावर तिला आकडीचा झटका आला. गोळी पुन्हा सुरू करावी लागली. मला त्या डॉक्टरला उघडं पाडायचं होतं.

आईने माझं पत्रक वाचलं.

"मंग आजपासून खातच नाही मी."

"काहून?"

"तूच त लिहून राहिली, इष हाये म्हून. इष खाऊ का मी?"

त्याने उद्यापासून म्हटलं होतं. मी आजपासून म्हणत होते.

दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी तो कागद परत दिला. "भाषण फक्कड आहे. लोक गोळ्या नालीत फेकतील आणि झटके येऊन पडतील. राग ठेव, पण योग्य पानावर."

"कोणत्या?"

"गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळं टिपण काढायचंय, त्यावर."

मग पत्रक साधं झालं : गोळी अचानक बंद करू नका. डोस थोडा थोडा, काही आठवड्यांच्या अंतराने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करा. शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. दारू घेऊ नका. झटका आला तर ताबडतोब दवाखाना.

"अन् मले तरास झाला त?" आईने विचारलं.

त्यावर लिहिलं : त्रास वाढला तर पुढची कपात थांबवा, आहे त्या डोसवर राहा, आम्हाला सांगा. डॉक्टरांच्या टिपणात तेच त्यांच्या बाजूने : रुग्णाने त्रास सांगितला की कपात थांबवावी, शरीराला सवय होणं म्हणजे व्यसन नव्हे, रुग्णाला दोष देऊ नये. अचानक बंद केल्यास झटका येऊ शकतो, त्याची जबाबदारी बंद करणाऱ्याची. शेवटचं वाक्य मॅडम खोडतील असं वाटलं होतं. खोडलं नाही.

मॅडमनी आईसाठी आखलेली कपात सुरू झाली आणि मधल्या तपासणीसाठी आई अकोल्यातल्या त्याच नेहमीच्या डॉक्टरकडे गेली. मी बरोबर होते. त्याने मी दिलेलं टिपण वाचलं, जबाबदारीच्या वाक्यावर थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"माह्या पोरीनं," आई म्हणाली. "तुमचं टिपण बी अन् माहं पत्रक बी."

"पत्रकही ठेवून जा."

"नाही. ते माहं हाये." तिने घडी करून पदरात खोचलं. "तुमी चुकले त मले समजाले पायजे."

त्याने पेन उचललं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "डोस कमी केल्यापासून झोप कशी आहे?"

मी त्याला माफ केलं नाही. टिपणाच्या बाकीच्या प्रती पिशवीत होत्या. बाहेर पडले आणि शेजारच्या दवाखान्याची पायरी चढले.