हात लावू नये असं एक वाक्य

आमच्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी निघते. सुरतेत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांची ती पुस्तिका. पुढे पदाधिकाऱ्यांचे फोटो, मध्ये दहावी-बारावीची मुलं, शेवटी वर्षभरात गेलेल्यांची पानं. तिचं प्रूफ मी बघते. महापालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवल्यावर हातात लाल पेन राहतोच, तो रिटायर होत नाही. छापखाना नवागामच्या नाक्यावर आहे आणि छापखान्याचा मालक माझ्याच वर्गात शिकलेला. आता चाळिशीला आलाय, तरी मला बघून खुर्चीतून उठतो.

गेल्या वर्षीच्या अंकात एक पान माझ्या नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. ते जाऊन आठ महिने झाले होते. पान मीच लिहायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मीही. लिहिलं नव्हतं.

लोक समजतात, दुःख झालं की माणूस रडतो. मला काही होत नव्हतं. सकाळी उठायचे, एकाच कपाचा चहा करायचे, भेस्तानच्या घरातून रिक्षा धरून छापखान्यात जायचे, प्रूफं तपासायचे. गंधमुक्तीची, म्हणजे दिवसकार्याची, पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा छापखान्यातल्या नमुन्यांच्या अल्बममधून मी चार नंबरचा मजकूर निवडला होता. फक्त नाव आणि तारीख बदलायची असते. चार नंबरच का, ते आठवत नाही. पान उघडलं तेव्हा तोच समोर होता.

या कामात शुद्धलेखन हे सगळ्यात सोपं. अवघड असतं ते पाठवणाऱ्याला काय हवंय ते कळणं. प्रत्येक जण म्हणतो, "जरा बघून घ्या." त्या 'जरा'त काहीही मावतं. कोणाला फक्त वेलांट्या सरळ करून हव्या असतात, आणि कोणाला मनातून वाटत असतं की बाईंनी सगळं नव्याने लिहून द्यावं, फक्त तसं तोंडाने म्हणायची लाज वाटते. आणि सरळ विचारलं, "दुरुस्त करू की नवीन लिहू?" तर समोरचा कानकोंडा होतो. आपलं लिखाण अगदीच टाकाऊ आहे असं बाई सुचवतायत, असं त्याला वाटतं. मग तो म्हणतो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नोकरीत असताना मी एकदा सपाटून मार खाल्लाय. शाळेतल्या एका सहकाऱ्याने निरोप समारंभाचं भाषण बघायला दिलं होतं. मी ते असं घासूनपुसून दिलं की त्यात त्याचा एक शब्द उरला नाही. त्याने आभार मानले, आणि समारंभात जुनाच कागद खिशातून काढून चुकांसकट वाचला. नंतर वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी एक पद्धत लावून घेतली. निव्वळ चूक असेल तिथे लाल पेन. जिथे मला काही सुचतंय, पण ते माझं मत आहे, तिथे समासात पेन्सिल. पेन्सिल खोडता येते, माणसाचा मान राहतो. आणि लांबलचक मजकूर असेल तर पहिला परिच्छेद दोन तऱ्हांनी करायचा, एक फक्त तपासून, एक नव्याने लिहून. दोन्ही पाठवायचे आणि विचारायचं, "पुढचं यातल्या कशासारखं करू?" चर्चा नाही, रुसवेफुगवे नाहीत. माणूस बोट ठेवतो आणि मोकळा होतो.

हे सगळं मला येत होतं. तरी गेल्या वर्षी एका माणसाच्या बाबतीत मी त्यातलं काहीच केलं नाही.

तो नवागामचाच, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा. मूळ अमळनेरकडचा. बायको काविळीने गेली होती. तिच्या पानासाठी त्याने वहीची तीन पानं लिहून फोटो पाठवले होते. छापखानेवाल्याने ती कंपोज करून मला प्रिंट दिली आणि म्हणाला, "बाई, भाऊ म्हणतात, जरा बघून घ्या. शनिवारी मॅटर मशीनला जायला पाहिजे."

मजकूर कसा होता म्हणाल तर कसाही. रात्रपाळीतून सुरू व्हायचा, मध्येच मुलीच्या लग्नात जायचा, मग सिव्हिल हॉस्पिटल, मग पुन्हा लूम. अर्धी अहिराणी, अर्धी मराठी, मध्ये गुजराती. मी तो वाचला आणि मला काहीही वाटलं नाही. मी पेन्सिल उचललीच नाही. कोरा कागद घेतला आणि लिहून काढलं: सुस्वभावी, मनमिळाऊ, कष्टाळू, संसाराचा गाडा, मुलांवर संस्कार. हात आपोआप चालत होता. पाऊण तासात पान तयार. एकही चूक नाही. कंपोज झालं, प्रूफ त्याच्याकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी तो पाळी संपल्यावर छापखान्यात आला. केसांना, भुवयांना सुताचं पांढरं लागलेलं. हातात प्रूफ, चार घड्या घातलेलं. मला वाटलं, आता भांडणार. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"ताई, भारी लिखेल शे," तो म्हणाला. मग जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, "असं मला सात जन्मात नसतं आलं. मंडळाच्या पुस्तकात शोभेल."

मी म्हटलं, "मग ठीक आहे ना?"

"ठीक शे." तो बसला नाही. प्रूफाच्या घड्या उलगडल्या, पुन्हा घातल्या. "पोरीला फोनवर वाचून दाखवलं. धुळ्याला देल शे ती. तिने सगळं ऐकलं. मग बोलली, पप्पा, हे कोणाचं शे?"

छापखानेवाला कॉम्प्युटरकडे बघत राहिला. त्याला माझी बाजू घ्यायची होती, पण घ्यायला बाजू नव्हती.

मी म्हटलं, "तुमचं होतं तसंच छापू. फक्त चुका काढून."

"नको, नको," तो घाईने म्हणाला. "माझं वेडंवाकडं आहे. लोक हसतील. तुमचंच राहू द्या."

म्हणजे त्याला हेही नको होतं आणि तेही नको होतं. माझी दोन परिच्छेदांची पद्धत इथे चालणार नव्हती, कारण तो दोन्हींपैकी कशावरच बोट ठेवणार नव्हता. मला आता घरी जायचं होतं. कंटाळून, खरंच निव्वळ कंटाळून, मी त्याची वहीची प्रिंट त्याच्यापुढे सरकवली, पेन्सिल दिली आणि म्हटलं, "भाऊ, यातल्या कोणत्या वाक्याला मी हात लावू नये, तेवढं दाखवा. बाकी माझ्यावर सोडा."

तो लगेच वाकला. शोधावं लागलं नाही. तिसऱ्या पानावर, हॉस्पिटलच्या भागात, एका वाक्याखाली त्याने हळूच रेघ मारली. शेवटच्या दिवशी तो पाळीवर निघाला तेव्हा ती पलंगावरून काय म्हणाली, ते होतं. "डबा धोईसन ठेवा, सकाळी वास येस."

"बस?"

"बस. हे तसंच पाहिजे. तिच्या तोंडचं शे."

एवढंच. बाकी तिन्ही पानं त्याने मला देऊन टाकली. मी बसून पान पुन्हा केलं. सुस्वभावी काढलं, मनमिळाऊ काढलं. त्या एका वाक्याच्या आजूबाजूला जे बसत होतं ते ठेवलं, आणि ते सगळं त्याच्याच कागदावर होतं, मला फक्त क्रम लावायचा होता. पाळी, लग्न, हॉस्पिटल, डबा. त्याने उभ्यानेच वाचलं, मान हलवली, सही करून गेला. जाताना दारात चप्पल घालताना म्हणाला, "आता पोरगी तिच्या आईला ओळखी."

कोणाला किती हवंय ते कळायला एवढा एक प्रश्न पुरतो, हे मला साठीनंतर समजलं. कोणी एकही वाक्य दाखवलं नाही तर नव्याने लिहायला मोकळीक. कोणी पानभर रेघा मारल्या तर लाल पेन घ्यायचा आणि मुकाट वेलांट्या बघायच्या. बहुतेक माणसं एक-दोन दाखवतात. विचारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही, कारण यात त्याचं काय वाईट आहे ते आपण विचारत नाही.

शुक्रवारी मी माझं पान दिलं. माझ्या नवऱ्याचं. आदल्या दिवशी दुपारी बसून लिहिलं होतं. जन्म, शिक्षण, हजिऱ्याच्या कारखान्यातली नोकरी, निवृत्ती, मंडळाचं खजिनदारपद, कर्तव्यदक्ष, मितभाषी. छापखानेवाल्याने ते माझ्यासमोरच कंपोज केलं, प्रिंट काढली, आणि मला देण्याऐवजी स्वतःच वाचत बसला. मला वाटलं, चूक शोधतोय. बाईंच्या कागदात चूक सापडली तर त्याला आयुष्यभराचं समाधान मिळालं असतं.

"सापडली का?" मी विचारलं.

"नाही बाई. एकपण नाही."

मग त्याने प्रिंट माझ्यापुढे ठेवली, वर पेन्सिल ठेवली, आणि मान खाली घालून, शाळेत चुकून जास्त बोलल्यावर उभा राहायचा तसा म्हणाला, "बाई, यातल्या कोणत्या वाक्याला हात लावायचा नाही?"

मला राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. मी कागद ओढला आणि वाचायला लागले. वरून खाली वाचला. मग पुन्हा. पेन्सिल हातात होती. मशीन चालू होतं, बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होतं. त्या पानावर रेघ मारावी असं एक वाक्य नव्हतं. त्यात फक्त नाव आणि तारीख बदलली की ते कोणाचंही पान झालं असतं.

"एकही नाही," मी म्हटलं.

त्याने मजकूर पुसला नाही, फक्त खाली सरकवला आणि वर कोरी जागा केली. कीबोर्डवर बोटं ठेवून थांबला. मी त्याच्या वर्गात शुद्धलेखन घालायचे तेव्हा तो असाच थांबायचा, पुढचा शब्द येईपर्यंत.

मग मी म्हटलं, "घे. मी ह्यांच्या किराणा-यादीवरसुद्धा लाल पेन चालवायचे. आणि हे पुढच्या महिन्याच्या यादीत मुद्दाम त्याच चुका करायचे, मी यादी पूर्ण वाचावी म्हणून."

त्याने टाइप केलं. स्क्रीनवर बघून म्हणाला, "बाई, तीन वेळा 'यादी' आलंय. एक काढू?"

"नाही," मी म्हटलं. "राहू दे."

आणि मग मला रडू आलं, छापखान्यात, भर दुपारी, त्याच्यासमोर. त्याने खुर्ची फिरवली आणि कागदाचे गठ्ठे मोजत बसला.