मी मारलेला रिसेट

आम्हा टीव्ही मेकॅनिकांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "तुम्हीच काहीतरी दाबलं असणार." गिऱ्हाईक लगेच गप्प होतं. मी ते वर्षानुवर्षं वापरलं. वरणगावच्या नानांच्या घरी वापरलं, त्याची मात्र आजही लाज वाटते.

नाना ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले फिटर. त्यांची बायको, अक्का, अंथरुणाला खिळलेल्या. रोज दुपारी नाना टीव्हीवरच्या ॲपमधून त्यांना जुनी भजनं लावून द्यायचे. टीव्ही सात वर्षांचा, पण पडदा चकाचक. फक्त सिनेमांचं ॲप बंद पडलं होतं. 'हे ॲप या टीव्हीवर आता चालणार नाही,' असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं. सेटिंगमध्ये शेवटचं अपडेट तीन वर्षांपूर्वीचं. कंपन्या दरवर्षी नवी मॉडेलं काढतात आणि जुन्यांचं सॉफ्टवेअर सुधारणं सोडून देतात. ॲपवालेही मग जुन्यांसाठी थांबत नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण जळगावला परतायची घाई होती. वाचून न वाचल्यासारखं केलं आणि सवयीनं फॅक्टरी रिसेट मारला.

टीव्ही कोरा होऊन उठला. चांगलं चालणारं भजनांचं ॲपही पुसलं गेलं, आणि इतक्या जुन्या टीव्हीसाठी ते आता स्टोअरमध्ये मिळतच नव्हतं. मुलगा, सून सगळे बघत होते. मी म्हणालो, "नानांनी काहीतरी उलटसुलट दाबलं असणार."

"मी त काहीच नाही दाबलं भाऊ," नाना म्हणाले. मुलगा त्यांच्यावर खेकसला. नानांनी रिमोट हळूच टीपॉयवर ठेवला. मी बॅग उचलून निघालो. इतका नालायक मी आधी कधी झालो नव्हतो.

पंधरा दिवसांनी न बोलावताच गेलो. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचेत स्ट्रीमिंग स्टिक लावली; आता ॲप स्टिकवर चालणार, टीव्ही नुसता पडद्याचं काम करणार. टीव्हीचं स्वतःचं वायफाय बंद केलं, कारण अपडेट थांबलेल्या यंत्राच्या सुरक्षेतल्या फटी कुणी बुजवत नाही. एवढंच आधी करायला हवं होतं. भजन सुरू झालं. अक्का हसल्या.

मी नवा रिमोट नानांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले.

"सूनबाईजवळ दे. माझ्या हातानं बिघडते."

मुलगा ड्युटीवर होता. जाता आलं असतं, पण तो येईपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. मग सगळ्यांसमोर सांगितलं, की नानांनी काही दाबलं नव्हतं, रिसेट मी मारला होता, आणि खोटंही मीच बोललो होतो. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, नाना आता शिव्या घालतील.

ते आपल्या पंजांकडे बघत होते. म्हणाले, "मले त वाटलं, आता आपले हातच कामातून गेले."