बंदी नसलेली चार कार्डं

बंदीची यादी मी दोनदा वाचली, आणि तिथेच फसलो.

आमची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा चित्रांच्या पत्त्यांतून आपली गड्डी आपणच जमवायच्या एका खेळाचा डबा घरी सोडून गेली. तो बायकोने उघडला आणि वर्षभरात ती इंदिरानगरच्या एका दुकानात त्याच्या स्पर्धा खेळू लागली. तिच्या ऑफिसातला एक ज्युनिअर तिला तिथे दरवेळी हरवायचा आणि सोमवारी चहाच्या वेळी ‘मॅडम, जस्ट मिस!’ म्हणायचा. यावेळी त्याला पाडायचंच, असं ठरलं होतं.

आदल्या दिवशी तिला कॉल संपता संपेना. फोनवर हात ठेवून म्हणाली, "साठ पत्ते लागतात, चार कमी आहेत. जुन्या डब्यातून घाला. चालतात का ते बघा हं! आणि पंचांना द्यायला साठही पत्त्यांची यादी लिहा."

मी सरकारी कारखान्यातला इंजिनिअर. बघा म्हटलं की बघतोच. दोन जातींची दोन-दोन कार्डं काढली. बंदीच्या यादीत एकही नव्हतं. झालं! संख्या, नाव, संच, क्रमांक असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुकानात यादी तपासणारी पंच आमच्या मुलीच्या वयाची. चार कार्डं बाजूला काढून म्हणाली, "अंकल, ही जुनी आहेत."

"पण बंदी कुठाय?"

"बंदी नाही, अंकल. मुदत संपलीय. स्वल्प, जरा इथे बघा." कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढं इंग्रजी अक्षर होतं. "हे एफ. आता एचपासून पुढचीच चालतात. जुने संच आपोआप बाद होतात, त्यांची नावं बंदीच्या यादीत कशाला येतील?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी कोपऱ्याकडे.

पंचाने त्यातली दोन परत दिली. तेच कार्ड, तोच मजकूर नव्या संचात पुन्हा छापलाय, म्हणून जुनी प्रतही चालते म्हणे. हातात नवे पत्ते ओढून देणारी उरलेली दोन मात्र गेली. बदली काही मिळेना. शेवटी दोन साधी ऊर्जा-कार्डं, म्हणजे खेळातलं इंधन, घातली. बाकी एका नावाची कार्डं चारच चालतात, ही कितीही. स्पर्धा अजून सुरू झाली नव्हती म्हणून यादी दुरुस्त करू दिली, दंड टळला.

शेवटच्या डावात समोर तोच ज्युनिअर. बायकोला नवे पत्ते हवे होते, आणि हातात आली ऊर्जा. पुढच्या खेपेला? पुन्हा ऊर्जा. माझीच दोन्ही!

"मॅडम, जस्ट मिस!"

बायकोने घरी आल्या आल्या फ्रिज उघडला, मागच्या कोपऱ्यातून गेल्या आठवड्याचं ताक काढलं, पेला भरून माझ्यापुढे ठेवला.

"घ्या हो," ती म्हणाली. "यावरही बंदी नाहीये."